कोपऱ्यातले दोन आकडे

बाईंचं सांगायचं तर माझ्या चुकीचंही सांगावं लागेल, आणि ते सांगताना माझी जीभ अजून अडखळते. म्हणून आधी बाईंचंच सांगते. चूक काही कुठे पळून जात नाही.

बाईंनी एकतीस वर्षं एकाच शाळेत व्याकरण शिकवलं. मीही त्यांच्याच हाताखालून गेले. उंच नव्हत्या, आवाजही मोठा नव्हता, पण वर्गात शिरल्या की मागच्या बाकावरची टवाळ पोरंसुद्धा पाय आत घ्यायची. मारत नव्हत्या. नुसत्या बघायच्या, आणि ते बघणं मारापेक्षा महाग पडायचं.

त्यांची एक पद्धत होती. व्याकरणाचा प्रत्येक नियम एका जाड कार्डावर. वर घटकाचं नाव, त्याखाली दोन ओळींत नियम, त्याखाली तीन उदाहरणवाक्यं. पहिलं वाक्य बाईंचं, साधं, नियम दाखवण्यापुरतं. बाकीची दोन मुलांची. नियम शिकवून झाला की म्हणायच्या, "आता तुझं वाक्य दे. पुस्तकातलं नको, तुझ्या घरातलं दे." मग सगळ्या वाक्यांवर लाल पेनाने काहीतरी खूण व्हायची. बरोबर असेल तर नखाएवढी टिक, चुकलं असेल तर गोल. खूण न करता त्यांनी कुणाचा कागद परत दिला असं मी कधी पाहिलं नाही. सगळ्या वर्गातून जे वाक्य त्यांना आवडायचं ते कार्डावर चढायचं.

माझंही एक चढलं होतं. घटक विशेषण. नियम असा, की आकारान्त विशेषण नामाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतं. बाईंचं वाक्य होतं, 'काळा घोडा, काळी घोडी, काळे घोडे.' आणि खाली माझं, 'माझा नवा फ्रॉक ताईचा जुना फ्रॉक आहे.' वर्ग हसला होता, मी रडकुंडीला आले होते. बाई हसल्या नाहीत. नखाएवढी टिक केली आणि म्हणाल्या, "नवा, जुना, दोन्ही बरोबर." त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपल्या घरातलं गरिबीचं वाक्यसुद्धा बरोबर असू शकतं.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा अशी दोनशे चौदा कार्डं झाली होती. बुटाच्या दोन खोक्यांत, दोरीने बांधलेली.

मी ज्या कचेरीत काम करते तिथे शाळेच्या मुलांसाठी मोबाईलवरचे धडे तयार होतात. माझं काम धडे लिहिण्याचं नाही. प्रत्येक धड्याची माहिती एका तक्त्यात भरायची: इयत्ता, घटक, नियम, उदाहरणवाक्यं. एका धड्याला एक ओळ. त्या ओळीवरूनच यंत्राला कळतं की हा धडा कोणत्या मुलासमोर ठेवायचा. मूल मोबाईल उघडतं, आधी आपली इयत्ता निवडतं, मग घटक निवडतं, मग धडा येतो. ओळ चुकली तर धडा कितीही सोन्याचा असू दे, तो अडगळीत पडला. हे मला पाठ होतं. नव्या पोरींना मीच शिकवायचे, तोऱ्यात.

व्याकरणाचे धडे हवेत असं निघालं तेव्हा मी बाईंचं नाव सुचवलं. आमचे साहेब प्रत्येक गोष्टीला "चालेल" म्हणायचे, म्हणून आम्ही त्यांना मागून चालेलसाहेबच म्हणायचो. ते म्हणाले, "चालेल."

बाई तेव्हा त्यांच्या धाकट्या बहिणीबरोबर राहत होत्या. दोन खोल्या, तिसरा मजला, खिडकीत सुईदोऱ्याचा डबा. धाकटीला कमी ऐकू यायचं आणि ती बाजार, चूल, सगळं बघायची. मी विषय काढला तशा बाई उठल्या. आत गेल्या आणि दोन्ही खोकी माझ्या मांडीवर आणून ठेवली.

"एक अट," त्या म्हणाल्या. "प्रत्येक धड्याच्या शेवटी मुलाला विचारायचं, तुझं वाक्य दे. आणि आलेली वाक्यं मला आणून दाखवायची. खूण मी करणार."

"बाई, रोज शंभर आली तर?"

"शंभरांना करीन. दुसरं काय काम आहे मला?"

अट सोपी होती. धड्याखाली एक चौकोन ठेवला, 'तुझं वाक्य लिहून पाठव'. पाठवलेलं थेट आमच्या कचेरीच्या यादीत यायचं. मी ती यादी दर शुक्रवारी छापून बाईंकडे न्यायची असं ठरलं.

आता चूक.

बाईंच्या प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात दोन आकडे होते. ५/७, ६/८, ४/६ असे. मी विचारलं तेव्हा बाईंनी सांगितलं, "वरचा आकडा, कुठे शिकवायचं. खालचा, कुठे पुन्हा घ्यायचं. एकदा शिकवून येतं असं व्याकरणात काही नसतं, पोरी. पाचवीत शिकतात, सातवीत विसरलेली असतात." आमच्या सूचनापत्रात लिहिलं होतं की इयत्तेच्या रकान्यात एकच आकडा भरावा. दोन इयत्ता असतील तर दोन ओळी कराव्या. पण मी म्हटलं, बाईंनी जे लिहिलंय ते तसंच जाईल. मी कोण त्यांचा आकडा तोडणारी? अशी माझी भक्ती. मी रकान्यात 5/7 भरलं. तक्त्याने आपोआप 05-07 करून टाकलं. मला वाटलं, बरं दिसतंय, टापटीप.

दोनशे चौदा ओळी भरल्या. एकेक वाक्य दोनदा तपासलं. अनुस्वार तपासले, पूर्णविराम तपासले. तक्ता यंत्रात चढवला तेव्हा उत्तर आलं: दोनशे चौदा ओळी स्वीकारल्या, दोनशे चौदा इशारे. इशारे पिवळे होते. मी साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "लाल नाहीत ना? पिवळे चालतात." आणि मीही मान डोलावली, कारण पिवळे नेहमीच यायचे, आणि ते उघडून बघायचा आम्हाला सगळ्यांनाच कंटाळा होता.

पहिल्या शुक्रवारी यादी रिकामी होती. बाई म्हणाल्या, "नवीन आहे. पोरांना सापडायला वेळ लागेल."

दुसऱ्या शुक्रवारी रिकामी. महिन्याने रिकामी. मी सांगितलं, परीक्षा आहेत. मग सांगितलं, सुट्ट्या आहेत. मग पुन्हा परीक्षा. थापांची पण एक शिस्त असते, मी वेळापत्रकाप्रमाणे मारत होते. कचेरीत आमच्या यादीत मी बाईंचे धडे रोज बघायचे, नंबर टाकला की उघडायचे, छान दिसायचे. मुलांच्या बाजूने, मोबाईलवर इयत्ता निवडून, मी एकदाही बघितलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

बाई दर शुक्रवारी लाल पेन घेऊन बसायच्या. टेबलावर वर्तमानपत्र अंथरलेलं, त्यावर पेन, चष्मा पुसून ठेवलेला. मी आत आले की माझ्या चेहऱ्याकडे न बघता माझ्या पिशवीकडे बघायच्या. "आलं का कुणाचं?" मी नाही म्हटलं की पेनाला टोपण लावायच्या. एवढंच. त्या टोपणाचा आवाज मला आठवडाभर पुरायचा.

आमच्याकडे एक तरुण सर होते, हातवारे करून व्हिडिओत व्याकरण शिकवायचे. त्यांच्या धड्यांना हजारांनी मुलं यायची. बाईंना ते कुठून कळलं देव जाणे. एकदा म्हणाल्या, "त्यांच्याकडे जातात ना मुलं?"

"जातात."

"म्हणजे मुलं व्याकरणाला कंटाळलेली नाहीत. माझ्या व्याकरणाला कंटाळलीत."

"असं काही नाही हो बाई."

"मग कसं आहे ते सांग."

मला तेव्हा खरंच तसंच वाटत होतं. हे मी आज कबूल करते. मलाही वाटत होतं की बाईंचे धडे जुने झाले, मुलांना नको आहेत, आणि ते त्यांच्या तोंडावर सांगायचं धाडस माझ्यात नाही.

आठेक महिने झाले असतील. एका शुक्रवारी मी गेले तर स्वयंपाकघराच्या दारावर बाजाराची यादी टोचलेली. मीठ, साबण, काडेपेटी. कागद जाड होता. मी उलटून बघितलं. कार्ड होतं. घटक कर्मणी प्रयोग. नियम, क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतं. वाक्यं, 'ताईने वही हरवली', 'दादाने बूट हरवले', आणि तिसरं कुठल्याशा पोराचं, 'सगळ्यांनी सगळं हरवलं आणि आईने सगळं शोधलं.'

"बाई, हे काय?"

"कागद चांगला आहे. धाकटीला बारीक अक्षर दिसत नाही, कार्डावर मोठं लिहिता येतं." मग म्हणाल्या, "मशीनमध्ये आहेत ना सगळी? मग कागद जपून काय करायचंय? आणि मशीनमध्येही कुणाला नकोत."

रोज एक कार्ड जात होतं. मी हिशेब करत घरी आले आणि त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

मग मी दुसरं पाप केलं. पुढच्या शुक्रवारी मी एक वाक्य छापून नेलं. मीच बनवलेलं. म्हटलं, एकच वाक्य, बाईंचं पेन एकदा उघडू दे. 'माझी आई सुंदर आहे पण थकलेली आहे.' मला फार छान वाटलं होतं ते. बाईंनी चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं. पेन उघडलं, आणि परत बंद केलं.

"हे मुलाचं वाक्य नाही," त्या म्हणाल्या.

"असं कसं बाई? यादीत आलंय."

"मुलाला आई सुंदर दिसते. रागावलेली दिसते. थकलेली दिसत नाही. ते दिसायला स्वतः थकावं लागतं. हे वाक्य चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या बाईचं आहे." त्यांनी कागद घडी करून माझ्या हातात दिला. "पुन्हा असं करू नकोस. न येणं मी सोसते आहे. हे नाही सोसवत."

माझं तोंड चुलीत घालावं असं झालं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. उठून त्यांनी मला चहा दिला, आणि साखर किती हेही विचारलं, मी गेल्या तीस वर्षांत दोनच चमचे घेत आले असताना.

त्यानंतर सहा महिन्यांनी कचेरीत साफसफाई निघाली. ज्या धड्यांना वर्षभरात एकही मूल आलं नाही ते काढून टाकायचे. ती यादी करायचं काम माझ्याकडेच आलं. यादीत दोनशे सतरा धडे होते. त्यांतले दोनशे चौदा बाईंचे. मी बघत बसले. वाईट धड्यालासुद्धा चुकून दोन-चार पोरं येतातच. एकूण एक धड्याला शून्य म्हणजे काय? नावडता धडा असा नसतो. असा फक्त न दिसणारा धडा असतो.

मी माझा जुना तक्ता उघडला. इयत्तेच्या रकान्यात 05-07. त्यावर बोट ठेवलं, आणि वरच्या पट्टीत त्या घरात खरं काय साठलंय ते दिसलं. तारीख, महिना आणि पुढे सालसुद्धा. तक्त्याने माझ्या 5/7 ची तारीख केली होती. पाचवी-सातवी नाही, सातव्या महिन्याची पाच तारीख. यंत्राला ती इयत्ता वाटली नाही, म्हणून त्याने ती जागा मोकळी सोडली आणि पिवळा इशारा दिला. दोनशे चौदा वेळा दिला. इयत्ता मोकळी, म्हणून धडा कुठल्याच इयत्तेच्या मुलाला दिसत नव्हता. चौदा महिने बाईंच्या धड्यांवर बाहेरून कुलूप होतं, आणि किल्ली माझ्या टेबलावर.

मी साहेबांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. मी रडत होते. ते गोंधळून म्हणाले, "अहो, दुरुस्त करा ना. चालेल." त्यांच्या दृष्टीने तेवढंच होतं. मी दोन दिवसांत प्रत्येक ओळीच्या दोन ओळी केल्या, एक वरच्या आकड्याची, एक खालच्या, आकडा एकेकटा. तक्ता चढवला. चारशे अठ्ठावीस ओळी स्वीकारल्या, इशारे शून्य. मग मी मोबाईल काढला, इयत्ता सातवी निवडली, विशेषण निवडलं. माझा फ्रॉक समोर आला.

शुक्रवारची वाट न बघता मी बाईंकडे धावले. त्या आता पलंगावरच असायच्या. पाय सुजले होते, दम लागायचा. पेन टेबलावर नव्हतं. मी सगळं सांगितलं. कोपऱ्यातले आकडे, तारीख, पिवळे इशारे, मोकळी इयत्ता. माझी चूक, बाई, माझी एकटीची. मुलांनी तुम्हाला नाकारलं नाही. मुलांनी तुम्हाला बघितलंच नाही.

बाई शेवटपर्यंत ऐकत होत्या. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"किती कष्ट घेतेस गं माझ्यासाठी," त्या म्हणाल्या. "पाचव्या-सातव्याची तारीख झाली म्हणे. छान जुळवलंस. असं सुचायला पण डोकं लागतं."

"बाई, खरं आहे हे. हे बघा, मोबाईलवर बघा."

"त्यात कोण भरतं? तूच ना?"

"मीच, पण..."

"मग त्यात तू भरशील तेच दिसणार." त्यांनी मोबाईल हळूच बाजूला सारला. "मी काही चिडलेली नाही. एकतीस वर्षं पगार घेतला, मुलांनी ऐकून घेतलं, झालं. बंद वर्गात ऐकतात पोरं. दार उघडं असलं की आपण किती कामाचे ते कळतं. मला कळलं."

मी शपथ घेतली. माझ्या मुलांची घेतली. बाई म्हणाल्या, "असल्या गोष्टींसाठी मुलांची शपथ घेऊ नये."

वाक्यं यायला पाच आठवडे लागले. पण आली. एका सोमवारी यादी उघडली आणि तीन वाक्यं होती, कुठल्या कुठल्या गावांतून, मुलाचं नाव नाही, नुसतं गाव आणि इयत्ता. एक होतं, 'आमच्याकडे नवा पंखा आला म्हणून जुना पंखा रुसून बंद पडला.' मी खुर्चीतून उठले, पुन्हा बसले. दुसरं अर्धवट होतं. तिसऱ्याचा घटक उभयान्वयी अव्यय, 'पण'. ते सगळ्यांत चांगलं होतं. मी मोठ्या अक्षरात तेवढंच एक कागदावर छापलं. बाईंना आवडेल म्हणून. वाचून मला हसू आलं होतं, एवढं पक्कं पोराचं होतं ते. त्यापलीकडे मला काही दिसलं नाही. आनंदात माणूस आंधळं होतं.

बाईंना उशी देऊन बसवलं. चष्मा लावला. कागद त्यांच्या हातात दिला. कागदावर होतं:

'मी खरंच सांगते, पण आधी थोडं खोटं सांगून बघते. इयत्ता सातवी.'

बाईंनी वाचलं. त्यांचा चेहरा बघितला आणि तेव्हाच मला कळलं मी काय केलंय. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, खूप मायेने पाहिलं, वर्गात कधी पाहिलं नव्हतं तसं.

"वाक्य चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "पहिल्यापेक्षा खूपच चांगलं. कबुली अशी सरळ द्यावी."

"बाई, हे माझं नाही. मुलीचं आहे. खरंच सांगते."

बोलून गेले आणि ऐकलं मी काय बोलले ते. बाई हसल्या. त्या घरात चौदा-पंधरा महिन्यांत त्या पहिल्यांदा हसल्या असतील.

"अक्षर असतं तर ओळखलं असतं मी," त्या म्हणाल्या. "मुलाचं अक्षर लपत नाही. हे छापलेलं. छापलेलं सगळ्यांचं सारखंच." मग थकल्या आणि डोळे मिटले. "आता पुरे कर, पोरी. तुझं मन मला पोचलं. अजून काय हवंय?"

मला काय हवं होतं ते मी कसं सांगणार? मी मोबाईलवर यादी काढली, धड्यांचे नंबर दाखवले, गावांची नावं वाचून दाखवली. त्या नुसत्या मान हलवत राहिल्या, आजारी माणूस पाहुण्यापुढे हलवतं तशी. पंख्याचं वाक्य मी तोंडी सांगितलं. "हेही छान," म्हणाल्या. "तुला मी कार्डावर उगाच नव्हतं चढवलं."

तेवढ्यात धाकटी आतून आली, बाजारात काय आणायचं विचारायला. कार्डं संपली होती. बाईंनी इकडेतिकडे चाचपलं आणि माझा कागद उलटा केला. पेन मागितलं. धाकटीने खिडकीतल्या डब्यातून लाल पेन काढून दिलं, तेवढंच घरात होतं. बाईंनी मोठ्या अक्षरात लिहिलं, मीठ, दूध, औषध.

तीन आठवड्यांनी बाई गेल्या. सामान आवरताना धाकटीने तो कागद मला दिला, म्हणाली, तुझाच आहे ना. हल्ली यादीत रोज पंधरा-वीस वाक्यं येतात. मी छापते आणि ठेवून देते, लाल पेन हातात घ्यायचं मला धाडस होत नाही. तो कागद मात्र माझ्या पर्समध्ये असतो. मागच्या बाजूला लाल शाईत मीठ, दूध, औषध आहे. पुढच्या बाजूला त्या मुलीचं वाक्य आहे, आणि त्यावर कसलीही खूण नाही.